बाळाची बुबुळं सतत हलतात? निस्टॅग्मसचं कारण, नजर किती येईल आणि मुलाचा ‘शांत कोन’ कसा शोधायचा

माझा मुलगा 10 आठवड्यांचा होता, मालिश करताना पहिल्यांदा नीट लक्षात आलं की त्याची दोन्ही बुबुळं डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे अशी झुलत्या पाळण्यासारखी हलतायत. सासूबाईंनी आधी दृष्ट काढली, मग आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो आणि तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आता तो 8 वर्षांचा आहे, तिसरीत आहे, आणि या मधल्या वर्षांत जे शिकले ते मला पहिल्याच महिन्यात कोणीतरी ओळीने सांगायला हवं होतं, म्हणून हे लिहितेय.

या हलण्याला निस्टॅग्मस म्हणतात. जन्मल्या जन्मल्या ते सहसा दिसत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिसायला लागतं, फार तर सहाव्या महिन्यापर्यंत. नेहमीचा प्रकार असा: दोन्ही डोळे एकत्र, एकाच दिशेने, आडवे हलतात, आणि बाळाने वर किंवा खाली बघितलं तरी हलणं आडवंच राहतं. झोपेत थांबतं. दमल्यावर, आजारपणात, किंवा एखादी गोष्ट खूप प्रयत्न करून बघताना वाढतं. मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न होता की याला अख्खं जग हलताना दिसत असेल का, तर नाही. जन्मापासून (म्हणजे या पहिल्या महिन्यांपासून) ज्यांना हे असतं त्यांच्या मेंदूला तीच सवय असते, त्यांना चित्र स्थिरच दिसतं. मोठेपणी नव्याने निस्टॅग्मस झालेल्या माणसाला जग हलताना दिसू शकतं, ती गोष्ट वेगळी.

आधी व्हिडिओ काढा, मग डॉक्टर

दवाखान्यात बाळ झोपतं नाहीतर रडतं, आणि डॉक्टरांना धड बघायलाच मिळत नाही. त्यामुळे घरीच उजेडात, बाळ जागं आणि खुशीत असताना मोबाईलवर डोळ्यांचा जवळून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, जमलं तर स्लो मोशनमध्ये पण. एक सरळ बघतानाचा, एक खुळखुळा डावीकडे नेऊन, एक उजवीकडे नेऊन. पुढे सगळ्या डॉक्टरांनी आमचे हेच व्हिडिओ मागितले.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. एकच डोळा हलतोय किंवा एक खूप जास्त आणि एक कमी, हलणं वर-खाली आहे, सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झालंय, सोबत उलट्या होतायत किंवा बाळ वजन धरत नाहीये, बाहुलीत पांढरं दिसतंय, किंवा डोळे कुठल्याही दिशेला वेडेवाकडे उड्या मारल्यासारखे जातायत. अशा वेळी मेंदूचा एमआरआय आणि इतर तपासण्या लवकर लागतात. आणखी एक प्रकार आहे ज्यात डोळे बारीक आणि भरभर थरथरतात, बाळ मानही डोलावतं आणि डोकं एका बाजूला कलतं ठेवतं. हा बहुतेक वेळा काही वर्षांत आपोआप शांत होतो, पण डोळ्याच्या नसेवर गाठ असली तरी अगदी असंच दिसू शकतं, म्हणून तिथे एमआरआय टाळायचा नाही.

कारण शोधणं का महत्त्वाचं

डोळे किती जोरात हलतायत यावरून नजर किती येईल हे ठरत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. नजर ठरते ती त्यामागच्या कारणावर.

एक मोठा गट असा की डोळ्यातच काहीतरी कमी आहे आणि हलणं हा त्याचा परिणाम. जन्मतः मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांत व्हावं लागतं, तिथे एकेक दिवस मोलाचा. अल्बिनिझम असेल तर केस-कातडी फिकट असते, पण सगळ्यांची नसते. काहींचा फक्त डोळाच रंगद्रव्य कमी असलेला असतो आणि बाकी मूल आपल्यासारखंच सावळं, त्यामुळे हा प्रकार हमखास निसटतो. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे काही आनुवंशिक आजार असतात, त्यात एखादं मूल उन्हात डोळे उघडतच नाही आणि संध्याकाळी मात्र छान बघतं, एखादं सतत बोटाने डोळा दाबत राहतं. डोळ्याची नस बारीक राहिलेली असेल तर हॉर्मोन्सची तपासणीही करावी लागते कारण साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. बुबुळातला रंगीत पडदाच नसेल तर किडनीची सोनोग्राफी ठरावीक काळाने करत राहतात, कारण अशा काही मुलांना किडनीच्या गाठीचा धोका असतो. म्हणजे बघा, तक्रार डोळ्याची पण तपास कुठे कुठे जातो.

दुसरा गट आमचा. डोळ्याची रचना ठीक, पडदा ठीक, नस ठीक, फक्त नजर स्थिर धरणारी यंत्रणा जन्मापासून डळमळीत. याला इडिओपॅथिक म्हणतात. यातल्या काही कुटुंबांत एक्स गुणसूत्रावरच्या एफआरएमडी7 या जीनमध्ये बदल असतो, हा जीन 2006 मध्ये सापडला. डॉक्टरांनी विचारलं की घरात अजून कोणाचे डोळे हलतात का, आणि मला एकदम आठवलं की माझ्या मामाचे हलतात! आम्ही लहानपणापासून ‘मामाची नजर तशीच आहे’ म्हणून सोडून दिलेलं. आईकडून मुलाकडे येणारी गोष्ट अशीच जाते, त्यामुळे आईच्या माहेरच्या पुरुषांचा इतिहास नक्की आठवून जा. आणि हो, यात आईचा दोष वगैरे काही नसतो, ते मला घरात दोनदा स्पष्ट सांगावं लागलं.

तपासण्या साधारण या क्रमाने होतात: बाहुलीतून येणारा लाल परावर्तित उजेड बघणं, औषध घालून बाहुली मोठी करून चष्म्याचा नंबर आणि पडदा तपासणं, मग गरजेप्रमाणे पडद्याचा ओसीटी स्कॅन आणि ईआरजी. ओसीटीमध्ये पडद्याच्या मध्यभागचा खळगा नीट तयार झालाय का ते दिसतं, आणि पुढे नजर किती येईल याचा त्यातल्या त्यात चांगला अंदाज तिथून येतो. ईआरजी पडद्याच्या पेशी काम करतायत का ते सांगतो. आमचा ईआरजी 14 व्या महिन्यात झाला, नॉर्मल आला. चष्मा मात्र 11 व्या महिन्यातच लागला, सिलेंडरचा नंबर अडीच. या मुलांमध्ये सिलेंडर खूप कॉमन आहे. चष्म्याने हलणं थांबत नाही म्हणून बरेच जण तो घालायचं सोडतात, पण चष्मा हलण्यासाठी नसतोच, जेवढी नजर आहे तेवढी पूर्ण वापरायला मिळावी यासाठी असतो.

जवळ दवाखाना नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे का ते विचारा, अंगणवाडीत मुलं तपासायला येणाऱ्या आरबीएसकेच्या सरकारी टीमकडूनही तिथे पाठवता येतं.

नजर किती येईल

ढोबळ आकडे सांगते, मूल वेगळं तसा फरक पडतो. इडिओपॅथिकमध्ये बरीच मुलं चष्म्यासकट 6/9 ते 6/18 च्या आसपास येतात. अल्बिनिझममध्ये साधारण 6/18 ते 6/60. रंगच न दिसणारा पडद्याचा आजार असेल तर 6/60 च्या जवळपास. आणि पडद्याचे काही गंभीर आजार याहून खाली.

6/18 म्हणजे काय, तर दुसऱ्याला जे 6 मीटरवरून दिसतं ते माझ्या मुलाला 2 मीटरवर जाऊन दिसतं. बस, एवढंच. हा आकडा डोक्यात ठेवला की शाळेतला अर्धा हिशोब सुटतो.

पण तक्त्यावरचा आकडा पूर्ण गोष्ट सांगत नाही. पहिलं म्हणजे वेळ. डोळा हलत असताना प्रत्येक फेरीत एक छोटा क्षण असतो जेव्हा तो त्यातल्या त्यात स्थिर असतो, आणि मूल त्या क्षणात बघतं, त्यामुळे त्याला दिसतं पण उशिरा दिसतं. गर्दीत आईला शोधणं, फळ्यावरची ओळ परत सापडणं, याला त्याला जास्त सेकंद लागतात. दुसरं म्हणजे एक डोळा झाकला की काही मुलांचं हलणं वाढतं आणि नजर आहे त्यापेक्षा वाईट मोजली जाते. आमच्या बाबतीत एका ठिकाणी हाताने डोळा झाकून 6/36 लिहून दिलं होतं, दोन्ही डोळे उघडे ठेवून 6/18 आली. म्हणून तपासणीत सांगा की दोन्ही डोळ्यांनी मिळून किती दिसतं तेही लिहा, आणि एकेक डोळा तपासताना दुसरा पूर्ण न झाकता धूसर करणारी भिंग लावून तपासा. शिवाय त्याला त्याची मान हवी तशी ठेवू द्या. तिसरं, जवळचं दूरपेक्षा बऱ्याचदा चांगलं दिसतं, कारण दोन्ही डोळे नाकाकडे वळले की बऱ्याच मुलांचं हलणं कमी होतं.

शांत कोन

पहिल्या काही महिन्यांत हलणं मोठं, सावकाश असतं. पुढे ते लहान आणि वेगवान होतं. साधारण एक-दीड वर्षाच्या पुढे मूल मान एका ठरावीक बाजूला वळवून बघायला लागतं. आम्हाला वाटलं मान लचकलीये, फिजिओथेरपी करायची का, अशी चर्चा चाललेली. खरं तर डोळे एका विशिष्ट दिशेला नेले की हलणं सगळ्यात कमी होतं, डॉक्टर त्याला नल पॉइंट म्हणतात, आम्ही घरी शांत कोन म्हणतो. मूल तो स्वतः शोधून काढतं. मान वाकडी करणं हा त्याचा उपाय आहे, सवय नव्हे. म्हणून ‘मान सरळ कर’ हे वाक्य घरातून कायमचं काढून टाका, कारण मान सरळ केली की त्याला आहे त्यापेक्षा कमी दिसतं.

कोन शोधायची पद्धत. टीव्ही त्याच्या अगदी समोर मध्यभागी ठेवा, पाट किंवा खुर्ची सरळ ठेवून बसवा आणि आवडीचं काहीतरी लावा. तुम्ही टीव्हीच्या शेजारी उभं राहून 15 मिनिटांचा सलग व्हिडिओ काढा. सलगच, कारण पुढे सांगते. माझ्या मुलाचा चेहरा उजवीकडे वळतो आणि डोळे डाव्या कोपऱ्यात जातात, म्हणजे त्याचा शांत कोन डावीकडे आहे, अंदाजे 20 अंश. हे वेगवेगळ्या दिवशी तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा तेच.

काही मुलांमध्ये मात्र, विशेषतः अल्बिनिझममध्ये, हलण्याची दिशा दर काही मिनिटांनी उलटी होते, त्यामुळे मूल थोडा वेळ उजवीकडे आणि थोडा वेळ डावीकडे मान वळवतं. दोन मिनिटांच्या व्हिडिओत हे कळत नाही, म्हणून 15 मिनिटं. अशा मुलाला एका बाजूला बसवून चालत नाही, मध्यभागीच बसवावं लागतं, आणि ऑपरेशनचा विचार असेल तर ही गोष्ट सर्जनला आधी माहीत असलीच पाहिजे.

ऑपरेशनचं विचाराल तर मान खूप जास्त वळत असेल तर डोळ्यांचे स्नायू सरकवून शांत कोन समोर आणता येतो. 1953 पासूनची पद्धत आहे. त्याने मान सरळ होते, नजर थोडी सुधारली तर सुधारते, हलणं पूर्ण जात नाही. आमचा कोन लहान आहे म्हणून आम्ही नाही केलं. डोळ्यांचे व्यायाम, थेंब, मध यांनी हे बरं होतं असं सांगणारे भरपूर भेटतील. त्यातलं काही डोळ्यात घालू नका.

घरात

तान्हं असताना चेहरा त्याच्या 20 ते 30 सेंमीवर आणून बोलायचं आणि मग थांबायचं, नजर लागायला त्याला वेळ द्यायचा. मी सुरुवातीला खेळणं दाखवून लगेच हलवायचे आणि हा बघतच नाही म्हणून रडायचे, डॉक्टरांनी सांगितलं की मनात दहा मोजा. खरंच सातव्या-आठव्या अंकाला हात पुढे यायचा.

खेळणी फुलाफुलांच्या चादरीवर पसरली की हरवतात, एकरंगी गडद चादरीवर ठेवली की सापडतात. जेवणात स्टीलचं ताट चकाकतं, त्यात दहीभात दिसतच नाही. आम्ही एक निळं मॅट ताट आणलं, भातासाठी ते, आणि पालकाच्या भाजीला पांढरी वाटी. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी चिकटपट्टी. उजेड त्याच्या पाठीमागून किंवा बाजूने, खिडकीकडे तोंड करून कधीच नाही. उन्हात मोठ्या काठाची टोपी.

पुस्तक तो 12-15 सेंमीवर धरतो, टीव्हीच्या जवळ जाऊन बसतो. त्याने डोळे बिघडत नाहीत, त्याला तेवढं अंतर लागतं. फक्त पाठ वाकू नये म्हणून आम्ही सुताराकडून एक उतरता डेस्क करून घेतला, पुस्तक वर येतं आणि तो सरळ बसतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, ती टॅबलेटवर मोठी करून वाचणं त्याला सगळ्यात आवडतं.

खेळात क्रिकेटचा बॉल त्याला उशिरा दिसतो, अंगावर येतो, मग चिडतो. मोठा भडक पिवळा बॉल आणला तर गल्लीत सगळ्यांबरोबर खेळतो. पोहणं, धावणं यात काहीच अडचण नाही.

शाळेत कुठे बसवायचं, हिशोबासकट

पहिलीत बाईंनी फार आपुलकीने त्याला पहिल्या बाकावर, डाव्या टोकाला, खिडकीजवळ बसवलं. पहिला बाक म्हणजे चांगलंच, असं मलाही वाटलं. महिनाभरात मान दुखायला लागली आणि वहीत अर्धवट ओळी यायला लागल्या. एक दिवस वर्गात जाऊन बघितलं तर हा बाकावर आडवा बसून, भिंतीला पाठ टेकून फळा बघत होता.

कारण असं. त्याचे डोळे डावीकडे गेले की शांत होतात, म्हणजे फळा त्याच्या डावीकडे असायला हवा. डाव्या टोकाला बसलं की फळा उजवीकडे येतो, मग मान अजूनच वळवावी लागते. तेव्हा फळ्याकडे तोंड केल्यावर जी वर्गाची उजवी बाजू, तिथे त्याची जागा. लक्षात ठेवायला सोपं: चेहरा ज्या बाजूला वळतो, वर्गाच्या त्याच बाजूला बसवा.

किती बाजूला? फळ्यापासून अडीच मीटरवर, 20 अंशांसाठी, फळ्याच्या मध्यापासून साधारण 90 सेंमी उजवीकडे. म्हणजे मधल्या रांगेपासून एकच बाक पलीकडे, अगदी टोकाला नाही. टोकाला गेलं की फळा तिरपा दिसतो आणि चकाकतो.

अक्षर किती मोठं? 6/18 ला अडीच मीटरवरून 1.1 सेंमीचं अक्षर कसंबसं ओळखता येतं. कसंबसं ओळखणं म्हणजे वाचणं नाही, आरामात वाचायला दुप्पट तरी हवं. त्यात आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, उकार हे अक्षरापेक्षा कितीतरी बारीक असतात. हा ‘पंख’ची ‘पख’ वाचायचा आणि शुद्धलेखनाचे मार्क जायचे. बाईंनी 3 सेंमीचं अक्षर, ठळक, ओळींमध्ये अंतर सोडून लिहायला सुरुवात केली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागल्या, तेव्हा या चुका बऱ्याच कमी झाल्या.

तरीही फळ्यावरून वहीत उतरवणं हे त्याला सगळ्यात जड जातं, कारण प्रत्येक वेळी मान वर केली की ओळ नव्याने शोधायची. त्यामुळे लांब मजकूर असेल तर शेजारच्या मुलाच्या वहीतून किंवा बाईंनी दिलेल्या कागदावरून उतरवतो. वही ठळक रेघांची. परीक्षेत पेपर मोठ्या अक्षरात आणि जास्तीचा वेळ.

दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटबद्दल एवढंच की चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर 6/18 किंवा त्याहून बरी असेल आणि दुसराही तसाच असेल तर टक्के शून्य येतात. दोन्ही डोळे 6/24 ते 6/60 मध्ये असतील तर 40 टक्के, आणि 40 ला यूडीआयडी या दिव्यांग कार्डावरच्या बऱ्याच सवलती लागू होतात, परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळही. माझ्या मुलाला ते मिळत नाही, म्हणून आम्ही डॉक्टरांचं पत्र घेऊन शाळेच्या पातळीवर मुख्याध्यापकांशी बोललो, त्यांनी ऐकलं.

दर जूनला वर्ग बदलतो, बाई बदलतात, फळा बदलतो. पहिल्याच दिवशी मी हा कागद देते, तुम्ही तुमच्या मुलाप्रमाणे बदलून घ्या:

“माझ्या मुलाचे डोळे जन्मापासून हलतात, याला निस्टॅग्मस म्हणतात. ते तो मुद्दाम करत नाही आणि थांबवू शकत नाही. तो मान उजवीकडे वळवून बघतो तेव्हा त्याला सगळ्यात चांगलं दिसतं, कृपया मान सरळ करायला सांगू नका. त्याला उजव्या बाजूला, पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, खिडकी समोर येणार नाही असं बसवा. फळ्यावरचं लिहिताना मोठ्याने वाचा. लांबून हाताने खूण केलेली त्याला दिसत नाही, नाव घेऊन हाक मारा. प्रश्न दाखवल्यावर उत्तराआधी थोडा वेळ द्या.”

यावर्षी त्याने कागद वाचला, पेन घेतलं आणि खाली स्वतःच एक ओळ जोडली: “मी वही नाकाला लावून लिहितो, मला तसंच बरं पडतं.”